आधी ५१ वजा करा

बहुमजली इमारत भूकंपात कशी हलेल हे काढताना इंजिनिअर प्रत्येक मजल्याचं वस्तुमान आणि खांबांचा ताठपणा आकड्यांच्या एका चौकोनी मांडणीत भरतो. या मांडणीला मॅट्रिक्स म्हणतात. तिच्यात काही मोजक्या संख्या दडलेल्या असतात, त्यांना आयगेनमूल्यं असं नाव आहे. इमारतीच्या बाबतीत त्यांच्या वर्गमुळांवरून तिच्या नैसर्गिक कंपनांचा वेग कळतो. सगळ्यात लहान आयगेनमूल्य हे सगळ्यात संथ हेलकाव्याचं असतं आणि धक्का बसल्यावर इमारत प्रामुख्याने त्या एक-दोन संथ हेलकाव्यांतच डोलते. म्हणून इंजिनिअरला आधी हव्या असतात त्या लहान संख्या.

त्या शोधायची जी पद्धत आज जवळजवळ प्रत्येक गणिती सॉफ्टवेअरच्या पोटात आहे, तिला क्यूआर अल्गोरिदम म्हणतात. मूळ रूपात ही पद्धत भरवशाची असली तरी फार संथ आहे. तिला वेग येतो तो एका वजाबाकीने. ही वजाबाकी नेमकी काय करते, ते एका छोट्या उदाहरणावर शेवटपर्यंत करून पाहू.

उदाहरण असं घेऊ:

```
५४    २
 २   ५१
```

या मॅट्रिक्सला (२, १) ही जोडी दिली, तर पहिली ओळ ५४ × २ + २ × १ = ११० देते आणि दुसरी २ × २ + ५१ × १ = ५५ देते. उत्तर (११०, ५५) आलं, म्हणजे तीच जोडी ५५ पट होऊन परत आली. (१, −२) ही जोडी दिली, तर (५०, −१००) मिळतं, म्हणजे तीच जोडी ५० पट. बाकी कुठलीही दिशा दिली तर मॅट्रिक्स तिला थोडी वळवते. या दोन दिशा मात्र वळत नाहीत, नुसत्या ताणल्या जातात. ५५ आणि ५० ही या मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं. इथे ती वर्गसमीकरण सोडवूनही मिळाली असती, पण मॅट्रिक्स पाच ओळींची किंवा त्याहून मोठी असेल तर असं सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे पायरीपायरीने उत्तराच्या जवळ सरकत जाण्याला पर्याय नाही.

क्यूआरची एक पायरी अशी असते. मॅट्रिक्सचे दोन गुणावयव पाडायचे. पहिला Q, जो दिशा नुसत्या फिरवतो आणि लांबी बदलत नाही. दुसरा R, ज्याच्या कर्णाखाली सगळी शून्यं असतात. मग हे दोघे उलट्या क्रमाने गुणायचे, QR च्या जागी RQ. एवढंच. नवी मॅट्रिक्स म्हणजे जुनीच, फक्त फिरवलेल्या अक्षांवरून पाहिलेली, त्यामुळे आयगेनमूल्यं जशीच्या तशी राहतात. हेच पुन्हा पुन्हा करत गेलं की कर्णाबाहेरचे आकडे झिजत जातात आणि कर्णावर आयगेनमूल्यं उघडी पडतात. साधारणपणे सगळ्यात मोठं वरच्या कोपऱ्यात बसतं आणि सगळ्यात लहान खालच्या.

आपल्या मॅट्रिक्समध्ये झिजायचा आकडा एकच आहे, तो बाजूचा २. पहिल्या पायरीनंतर त्याचा १.८८ होतो. दहा पायऱ्यांनंतर तो ०.९३ वर असतो. ०.०१ पर्यंत उतरायला ५८ पायऱ्या लागतात. संगणकाच्या सोळा अंकी आकडेमोडीत तो शून्य मानता यावा इतका लहान व्हायला सुमारे ३४० पायऱ्या. दोन ओळींच्या मॅट्रिक्सला ३४०!

इतका उशीर का लागतो, हे समजायला खालच्या ओळीत काय चाललंय ते पाहावं लागतं. क्यूआरची पायरी बाहेरून फिरवाफिरवीसारखी दिसते, पण खालच्या ओळीपुरतं पाहिलं तर ती मॅट्रिक्सच्या व्यस्ताने गुणण्याचंच काम करत असते. आणि व्यस्ताने गुणणं म्हणजे प्रत्येक दिशेला तिच्या स्वतःच्या आयगेनमूल्याने भागणं. खालच्या ओळीत दोन्ही दिशांची भेसळ असते. दर पायरीला एका दिशेचा वाटा ५० ने भागला जातो, दुसरीचा ५५ ने. ज्याला लहान संख्येने भागलं त्याचा वाटा तुलनेने मोठा राहतो, म्हणून खाली लहान आयगेनमूल्य जिंकतं. पण ५० आणि ५५ मध्ये फरक तो किती! चुकीच्या दिशेची भेसळ प्रत्येक पायरीला फक्त ५०/५५ पट होते, म्हणजे पायरीगणिक जेमतेम नऊ टक्क्यांनी घटते. झिजेचा वेग ठरतो तो दोन आयगेनमूल्यांच्या गुणोत्तरावरून. गुणोत्तर एकाच्या जवळ असलं की पद्धत रांगते.

आता दोन भावंडांची वयं डोळ्यांपुढे आणा. धाकटा पाच वर्षांचा असताना थोरला दहाचा, म्हणजे दुप्पट. पन्नाशी-पंचावन्नला पोचल्यावर दोघं जवळजवळ सारख्याच वयाचे वाटतात, अंतर मात्र तेच पाच वर्षांचं. दोघांच्या वयातून पंचेचाळीस वर्षं काढून घेतली की गुणोत्तर पुन्हा दुप्पट होतं. मॅट्रिक्सच्या बाबतीत ही काढून घेण्याची सोय खरोखर आहे. कर्णावरच्या प्रत्येक आकड्यातून एकच संख्या वजा केली, तर सगळी आयगेनमूल्यं बरोबर तेवढ्यानेच खाली येतात आणि त्यांच्या दिशा बदलत नाहीत. पायरी पूर्ण झाल्यावर तीच संख्या कर्णावर पुन्हा मिळवायची, हिशेब जसाच्या तसा. या वजा करायच्या संख्येला शिफ्ट म्हणतात.

आपल्या मॅट्रिक्समधून दर पायरीला ४५ वजा केले, तर ५५ आणि ५० च्या जागी १० आणि ५ येतात. झीज आता निम्म्याने होते आणि ३४० ऐवजी ४७ पायऱ्या पुरतात. ४९ वजा केले तर ६ आणि १ उरतात, भेसळ दर पायरीला सहाव्या भागावर येते आणि १९ पायऱ्यांत काम होतं. शिफ्ट ५० च्या जितकी जवळ, तितकं ते गुणोत्तर शून्याच्या जवळ. बरोबर ५० च वजा केले तर एका पायरीतच खालची ओळ मोकळी होते. अशा वेळी मॅट्रिक्सचा व्यस्तच नसतो, त्यामुळे काहीतरी बिघडेल अशी भीती वाटते. पण बिघडत काही नाही. R च्या खालच्या कोपऱ्यात शून्य येतं आणि तेच तर हवं असतं.

अडचण उघड आहे. ५० ठाऊक असते तर हा खटाटोप केलाच नसता. वजा करायचं तरी काय?

याचं उत्तर मॅट्रिक्सच्याच खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं. तिथे ५१ आहे. तो ५० नाही, पण ५० चा सुरुवातीचा अंदाज म्हणून वाईटही नाही. ५१ वजा करून एक पायरी केली की कोपऱ्यात नवा आकडा येतो आणि तो आधीपेक्षा सरस असतो. पुढच्या पायरीला तोच नवा आकडा वजा करायचा. शिफ्ट एकदाच ठरवून ठेवायची नाही, दर पायरीला ताजी घ्यायची. ही कोपऱ्याची शिफ्ट रॅली यांच्या नावाने ओळखली जाते.

सममित दोन ओळींच्या मॅट्रिक्ससाठी हा हिशेब कागदावर पूर्ण मांडता येतो. कर्णावरच्या दोन आकड्यांतला फरक x आणि बाजूचा आकडा b म्हणू. कोपरा वजा करून पायरी केली की, चिन्ह बाजूला ठेवलं तर, बाजूचा नवा आकडा येतो b³/(x² + b²). आणि खालचा कोपरा xb²/(x² + b²) एवढ्याने सरकतो.

आपल्याकडे x = ३ आणि b = २. बाजूचा नवा आकडा ८/१३, म्हणजे ०.६१५. कोपरा ५१ वरून १२/१३ ने उतरून ५०.०७६९ होतो. दुसऱ्या पायरीला हाच ५०.०७६९ वजा करायचा. बाजूचा आकडा ०.००९७७ होतो आणि कोपरा ५०.००००१९. तिसऱ्या पायरीला बाजूचा आकडा ०.००००००००३७ च्याही दहापट, म्हणजे साधारण ३.७ × १०⁻⁸, आणि कोपऱ्यातली चूक १०⁻¹⁵ च्याही खाली गेलेली असते. पन्नासच्या आसपासच्या दोन लगतच्या संख्यांत संगणक जेवढं अंतर ओळखू शकतो, त्याहून ही चूक लहान आहे. चौथ्या पायरीला बाजूचा आकडा २ × १०⁻²⁴ च्या घरात जातो. ३४० पायऱ्यांचं काम चार पायऱ्यांत झालं, तेही ५० हे उत्तर आधी माहीत नसताना.

सूत्रातल्या b³ कडे नीट पाहा, सगळा वेग तिथे आहे. b लहान झाल्यावर कोपऱ्यातली चूक b च्या वर्गाच्या प्रमाणात असते, आपल्या उदाहरणात b²/५. शिफ्ट उत्तराच्या इतकी जवळ असल्यामुळे झिजेचं गुणोत्तर b²/२५ होतं. त्याने b ला गुणलं की b³/२५. म्हणजे जुळलेल्या दशांश स्थळांची संख्या दर पायरीला साधारण तिप्पट होते. चांगल्या शिफ्टमुळे b लहान होतो आणि लहान b मुळे पुढची शिफ्ट आणखी चांगली होते. साध्या क्यूआरमध्ये हे एकमेकांना ढकलणं नसतंच. तिथे तीनशेवी पायरी पहिल्या पायरीइतकीच मंद असते. सममित नसलेल्या मॅट्रिक्समध्ये तिपटीची ही गती मिळत नाही. तिथे स्थळं दर पायरीला साधारण दुप्पट होतात, तरीही ते पुष्कळ झालं.

इथे ‘लहान’ या शब्दाबद्दल सावध राहायला हवं. शिफ्ट वजा केल्यावर खालच्या कोपऱ्यात बसतं ते शून्याच्या सगळ्यात जवळ आलेलं, म्हणजेच मूळ मॅट्रिक्समध्ये शिफ्टच्या सगळ्यात जवळ असलेलं आयगेनमूल्य. आपण ५१ वजा केले तेव्हा उरले ४ आणि −१. चिन्ह पाहायचं नाही, शून्यापासूनचं अंतर पाहायचं, आणि −१ जवळ आहे म्हणून ५० खाली आलं. कोपऱ्यात सुरुवातीलाच ५४ असते, तर खाली ५५ आलं असतं आणि तितक्याच झपाट्याने. म्हणून शिफ्ट वापरणारी पद्धत आयगेनमूल्यं लहान-मोठ्या क्रमाने देईल असं धरून चालू नये. सॉफ्टवेअरमधून आलेली यादी आधी क्रमाने लावून घ्यावी आणि मगच तिच्या टोकाला ‘सगळ्यात लहान’ म्हणावं.

मॅट्रिक्स मोठी असली तरी गोष्ट हीच. आधी तिला एकदाच असं रूप देतात की कर्णाच्या लगतच्या एका पट्ट्याखाली सगळी शून्यं राहतील. त्यामुळे प्रत्येक पायरी स्वस्त होते. मग खालच्या ओळीवर लक्ष ठेवायचं. तिथला बाजूचा आकडा शेजारच्या कर्णावरच्या आकड्यांच्या तुलनेत संगणकाच्या अचूकतेखाली गेला की त्याला सरळ शून्य करायचं, कोपऱ्यातला आकडा उत्तर म्हणून लिहून घ्यायचा, शेवटची ओळ आणि स्तंभ बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या लहान मॅट्रिक्सवर नव्या शिफ्टने पुढे जायचं. एकीकडे खालचा आकडा वेगाने बसत असताना वरचेही थोडेथोडे झिजलेले असतात, त्यामुळे पुढचं आयगेनमूल्य अगदी कोऱ्या पाटीवरून सुरू होत नाही. प्रत्यक्षात एका आयगेनमूल्यामागे सरासरी दोन-तीन पायऱ्या पडतात.

या घडणीचं श्रेय मुख्यतः जॉन फ्रान्सिस या इंग्रज तरुणाचं. झुरिकच्या हाइन्झ रुटिसहाउझर यांनी आधी एलआर नावाची अशीच एक पद्धत काढली होती, पण तिच्यातले गुणावयव कधीकधी आकडे भयंकर फुगवत. फ्रान्सिस यांनी तिथे दिशा नुसत्या फिरवणारा Q आणला आणि १९६१-६२ मध्ये ‘द कॉम्प्युटर जर्नल’मध्ये दोन निबंध लिहिले. लेनिनग्राडच्या वेरा कुब्लानोव्स्काया स्वतंत्रपणे याच पद्धतीपर्यंत पोचल्या होत्या. फ्रान्सिस यांच्या दुसऱ्या निबंधात शिफ्टचा असा कसबी वापर आहे की आजची सॉफ्टवेअरं मूलतः तोच वापरतात. साध्या अंकांच्या मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं पुष्कळदा काल्पनिक संख्यांच्या जोड्यांत येतात. त्यांनी अशा जोडीच्या दोन्ही शिफ्ट एकदम लावल्या, त्याही काल्पनिक संख्या आकडेमोडीत कुठेही न येऊ देता. त्यानंतर ते या क्षेत्रातून बाहेर पडले. २००७ मध्ये जीन गोलुब आणि फ्रँक उहलिग यांनी त्यांना शोधून काढलं, तेव्हा आपली पद्धत जगभर वापरली जाते याची त्यांना कल्पनाही नव्हती.

कोपऱ्याची शिफ्ट फसते ती जागाही आपल्या सूत्रातच दिसते. x शून्य असेल तर? म्हणजे कर्णावरचे दोन्ही आकडे सारखे, उदाहरणार्थ

```
०  १
१  ०
```

बाजूचा नवा आकडा b³/b², म्हणजे पुन्हा b. कोपरा शून्याने सरकतो, म्हणजे हलतच नाही. हजार पायऱ्या केल्या तरी मॅट्रिक्स जागची हलणार नाही. कारण सरळ आहे. आयगेनमूल्यं १ आणि −१, कोपऱ्यातली शिफ्ट ०, आणि दोन्ही तिच्यापासून सारख्याच अंतरावर. जवळचं कोणतं हेच ठरत नाही, तर खाली बसणार कोण?

जेम्स विल्किन्सन यांनी सुचवलेला उपाय असा, की एकट्या कोपऱ्यावर न थांबता खालची दोन-ओळींची छोटी मॅट्रिक्स पाहावी, तिची दोन आयगेनमूल्यं वर्गसमीकरणाने काढावीत आणि त्यातलं कोपऱ्याच्या जास्त जवळचं वजा करावं. दोन्ही सारख्या अंतरावर असतील तर कुठलंही एक घ्यावं. वरच्या उदाहरणात १ किंवा −१ घेतला की कोंडी लगेच फुटते. सममित मॅट्रिक्स तीन कर्णांच्या पट्ट्यात आणलेली असेल, तर या शिफ्टने पद्धत कधीच अडकत नाही, हे विल्किन्सन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलं.

सममित नसलेल्या मॅट्रिक्सला अशी हमी नाही. तीन ओळींची ही पाहा:

```
०  ०  १
१  ०  ०
०  १  ०
```

हिच्या खालच्या दोन-ओळींच्या तुकड्याची दोन्ही आयगेनमूल्यं शून्य आहेत, म्हणून दुहेरी शिफ्टही शून्यच ठरते. मूळ मॅट्रिक्सची तिन्ही आयगेनमूल्यं शून्यापासून बरोबर १ अंतरावर आहेत. पुन्हा तीच बरोबरी आणि पुन्हा तेच गोठणं. सत्तरच्या दशकातल्या ‘आइसपॅक’ या संग्रहात यावर साधा तोडगा होता. एकाच आयगेनमूल्यावर दहा पायऱ्या होऊनही ते सुटलं नाही, तर एकदा मुद्दाम वेगळीच, हिशेबाबाहेरची शिफ्ट द्यायची, विसाव्या पायरीला पुन्हा एकदा. बरोबरी जराशी मोडली की गाडी चालू लागते. पायऱ्यांची मर्यादा ओलांडूनही जमलं नाही, तर प्रोग्रॅम तसं सांगून थांबतो. तो संदेश दुर्लक्षून छापून आलेली आयगेनमूल्यं वापरू नयेत, निदान न सुटलेली तरी.

शेवटची मर्यादा खुद्द लहान आयगेनमूल्यांची आहे आणि ती वेगापेक्षा अचूकतेची आहे. शिफ्टने उत्तर लवकर मिळतं, पण किती अंक खरे हे ती वाढवू शकत नाही. एखाद्या मॅट्रिक्समध्ये काही आकडे पन्नासच्या घरात आहेत आणि एक आयगेनमूल्य ०.०००००००१२३४५६७ इतकं बारीक आहे असं समजा. त्यातून पन्नासच्या आसपासची शिफ्ट एकदा वजा करून परत मिळवली, तर सोळा अंकी आकडेमोडीत साधारण ७ × १०⁻¹⁵ एवढी गोलाई चिकटते. पन्नासला तिचा काही फरक पडत नाही, पण त्या बारीक संख्येचे सोळापैकी जेमतेम सहा-सात अंक खरे उरतात. सगळ्यात लहान आयगेनमूल्याचे अंक दोन वेगळ्या प्रोग्रॅममधून वेगळे येतात, तेव्हा पुष्कळदा कारण हेच असतं. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान आयगेनमूल्य यांचं गुणोत्तर काढलं की किती अंकांवर विसंबायचं याचा अंदाज येतो. ते गुणोत्तर एक कोट असेल तर सोळातले साधारण सात अंक गेले असं धरावं.

यावर एक व्यवहारी उपाय म्हणजे लहान आयगेनमूल्यं आधी सोडवून बाजूला करणं, म्हणजे त्या वेळच्या शिफ्ट लहानच असतात आणि बारीक आकड्यांना मोठी वजाबाकी सोसावी लागत नाही. ‘लॅपॅक’ या संग्रहातला DSTEQR हा प्रोग्रॅम म्हणूनच सुरुवातीला मॅट्रिक्सच्या तुकड्याची दोन्ही टोकं तपासतो. लहान आकडा खालच्या टोकाला असेल तर तो क्यूआरने खालून काम सुरू करतो. तो वरच्या टोकाला असेल तर क्यूएल नावाची उलट्या दिशेची तीच पद्धत घेऊन वरून.